साहेबांना नकार कळवायचा आहे: अतिरिक्त कार्यभाराच्या ईमेलचा सूर कसा ठेवावा?

प्रश्न: मी एका नागरी सहकारी बँकेत शाखाधिकारी आहे. शेजारच्या तालुक्यातल्या शाखेचे अधिकारी ३१ जानेवारीला निवृत्त होतायत. सोमवारच्या आढावा बैठकीनंतर सीईओ साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘मार्चअखेरपर्यंत तिथला चार्ज तुम्ही बघाल ना? दोन दिवसांत मेल करा.’ ती शाखा ३८ किलोमीटरवर आहे आणि माझ्या शाखेत दुसरा अधिकारी नोव्हेंबरपासून नाही. मला हे घ्यायचं नाहीये, पण साहेबांशी संबंध चांगले आहेत, ते बिघडवायचे नाहीत. मी असा मसुदा केलाय: ‘आपण माझ्यावर दाखवलेल्या विश्वासाबद्दल मी अत्यंत ऋणी आहे. परंतु सध्या शाखेत कर्मचारी अपुरे आहेत, वसुलीचा ताण आहे, आईची तब्येतही बरी नसते आणि रोजचा प्रवास झेपेल असे वाटत नाही. तरी माझी अडचण समजून घेऊन आपण योग्य तो निर्णय घ्यावा, ही नम्र विनंती.’ सूर बरोबर आहे का? सीसीमध्ये एचआरला ठेवू का?

उत्तर:

मसुदा नम्र आहे, पण त्यात नकार कुठेच नाही. तुमचा प्रश्न आधी वाचलेला असूनही, नुसता मसुदा पाहून तुम्हाला चार्ज नको आहे असं मला खात्रीनं सांगता आलं नसतं. ‘योग्य तो निर्णय घ्यावा’ म्हटल्यावर साहेब निर्णय घेतील, आणि त्यांच्या दृष्टीनं योग्य निर्णय त्यांनी सोमवारीच घेतलेला आहे. त्यामुळे तुमची खरी अडचण सूर कडक होईल ही नाहीच. नम्रपणा आणि स्पष्टपणा एकमेकांच्या आड येतात असं तुम्ही धरून चाललाय, आणि म्हणून नम्र राहण्यासाठी मुद्दाच गाळून टाकलाय.

मी एका सहकारी बँकेच्या प्रशासन विभागात बरीच वर्षं काढली. शाखाधिकाऱ्यांची बदली, चार्ज, रजा यांची पत्रं आणि नंतरच्या काळात ईमेल आधी माझ्या टेबलावर यायचे, मग साहेबांपुढे जायचे. आता शाखाधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात याच विषयावर एक सत्र घेते. त्यामुळे असा मेल लिहिणाऱ्याच्या मनात काय असतं यापेक्षा वाचणाऱ्याच्या मनात काय येतं, हे मला जास्त ठाऊक आहे. त्याच बाजूनं सांगते.

आधी एक गोष्ट तपासून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. साहेबांनी तुम्हाला विचारलंय की सांगितलंय? ‘बघाल ना?’ हे तोंडी आहे आणि प्रश्नाच्या रूपात आहे, ‘मेल करा’ म्हणजे तुमचं म्हणणं लेखी मागवलंय. अजून कार्यालयीन आदेश निघालेला नाही. हीच नकाराची जागा आहे. एकदा जावक क्रमांक पडून आदेश हातात आला की नकार देता येत नाही. बँकेच्या सेवानियमांत वरिष्ठांचा कायदेशीर आणि वाजवी आदेश न पाळणं हे गैरवर्तन म्हणून लिहिलेलं असतं. तुमच्या बँकेचे नियमही काढून बघा, शब्द थोडे वेगळे असतील, अर्थ तोच असेल. आदेश निघाल्यावर चार्ज घ्यायचा आणि मग फेरविचाराची विनंती करायची, तो निराळा कागद. तुमच्याकडे दोन दिवस आहेत, ते मसुद्याला रंगरंगोटी करण्यात घालवू नका.

आता तुमचा मसुदा साहेबांच्या खुर्चीत बसून वाचू. त्यांच्यापुढे एक रिकामी शाखा आहे आणि हाताशी फारशी माणसं नाहीत. मोबाइलवर तुमचा मेल उघडला. पहिल्या ओळीत ऋण, म्हणजे पुढे ‘परंतु’ येणार हे त्यांनी ओळखलं. मग चार कारणं आली. कर्मचारी अपुरे? मुख्य कार्यालयातला एक लिपिक दोन महिने पाठवू. वसुलीचा ताण? तो सगळ्याच शाखांना आहे, मार्च जवळ आलाय. प्रवास झेपत नाही? गाडीभाडं मंजूर करू. आईची तब्येत? काळजी घ्या, एखादा दिवस उशिरा आलात तरी चालेल. पाच मिनिटांत त्यांनी तुमच्या चारही अडचणी सोडवल्या, तेही अगदी सद्भावनेनं. तुम्हाला फोन येईल: ‘मी सगळी व्यवस्था केलीय, उद्यापासून बघा.’ आता तुम्ही नाही म्हणालात तर संबंध खरोखर बिघडतील, कारण त्यांनी तुमच्यासाठी काहीतरी केलेलं असेल आणि तुम्ही ते झिडकारलेलं असेल.

मी पाहिलेल्या कडवट प्रकरणांपैकी बरीचशी अशीच सुरू झाली होती. पहिला मेल मऊ, दुसरा अजिजीचा, तिसरा एकदम तडकलेला. साहेबांना तिसरा तेवढा लक्षात राहतो.

म्हणून विशेषणांच्या आधी कारण निवडा. एकच निवडा. ते असं हवं की साहेबांना जागेवर बसून तपासता यावं, त्यात कुणावर आरोप नसावा आणि ते तुमच्या कामातून निघालेलं असावं. तुमच्याकडे असं कारण आहे, तुम्हीच ते प्रश्नात ओझरतं सांगितलंय आणि मसुद्यात मात्र ‘कर्मचारी अपुरे’ या मोघम शब्दांत पुरून टाकलंय. तुमच्या शाखेत दुसरा अधिकारी नाही. म्हणजे तिजोरीची आणि सोनेतारणाच्या कपाटाची एक चावी तुमच्याकडे आणि दुसरी रोखपालाकडे असणार. संयुक्त ताबा हा बँकेचा पाया आहे, एका माणसाकडे दोन्ही चाव्या देता येत नाहीत. सकाळी तिजोरी उघडताना तुम्ही हवेत, संध्याकाळी रोकड आत ठेवून बंद करताना हवेत आणि मधल्या वेळात सोनेतारणाचं कर्ज फिटलं तर दागिना बाहेर काढतानाही हवेत. दुसऱ्या शाखेचा चार्ज घेतलात की तिथल्या चावीची जबाबदारीही तुमच्यावर येते. एकमेकींपासून ३८ किलोमीटरवर असलेल्या दोन तिजोऱ्या सकाळी एकाच वेळी एक माणूस उघडू शकत नाही.

हे कारण वाचून साहेबांना तुमच्याशी वाद घालावा लागत नाही. त्यांचा वाद आता वेळापत्रकाशी आहे. तुम्ही कामचुकार आहात का, घाबरलात का, तुमची महत्त्वाकांक्षा कमी आहे का, असले प्रश्न निघतच नाहीत. ‘झेपेल असे वाटत नाही’ या वाक्यानं मात्र ते सगळे निघतात, कारण तिथे तुम्ही स्वतःची क्षमताच चर्चेला ठेवलीय. पुढच्या पदोन्नतीच्या वेळी कुणीतरी ते वाक्य आठवेल, याची मी खात्री देते.

तुम्ही म्हणाल, रोखपालाच्या जोडीला एखाद्या वरिष्ठ लिपिकाकडे चावी देऊन वेळ मारून नेता येते. येते, आणि काही ठिकाणी ते होतंही. तुमच्या बँकेत तशी लेखी मुभा असेल तर हे कारण लंगडं आहे, मग दुसरं शोधा: मार्चअखेर मुदत संपणाऱ्या कॅश क्रेडिट खात्यांची संख्या, किंवा ज्या खात्यांचा हप्ता ९० दिवसांच्या पुढे थकला तर ती ३१ मार्चला अनुत्पादक धरली जातील अशा खात्यांची यादी. कारण कोणतंही असो, त्याला आकडा किंवा तारीख जोडता आली पाहिजे.

आईच्या तब्येतीचं काय करायचं? ते खरं कारण असेल आणि तेच मुख्य असेल, तर ते एकटंच लिहा, एका ओळीत, आजाराचा तपशील न देता. पण चार कारणांत तिसऱ्या क्रमांकावर आई आली की ती भर घातल्यासारखी दिसते. मला मसुद्यावरून वाटतं की तुमचं खरं कारण शाखेचंच आहे आणि आई वजन वाढवायला आलीय. तसं असेल तर तिला या मेलमधून बाहेर ठेवा. उद्या खरोखर रजा लागली तर ती गोष्ट तेव्हा नव्यानं सांगता येईल.

आता नकाराचं वाक्य. मी सत्रात फळ्यावर चार वाक्यं लिहिते आणि विचारते, साहेब म्हणून कोणतं वाचल्यावर तुम्ही पुन्हा फोन कराल? ‘हे माझ्यासाठी थोडे अवघड आहे.’ यावर सगळे फोन करतात, कारण अवघड गोष्ट सोपी करता येते. ‘मला जमणार नाही.’ यावर कुणी फोन करत नाही, पण कपाळावर आठी पडते, कारण हे घरच्या बोलण्यातलं तुटक वाक्य आहे. ‘सदर कार्यभार स्वीकारण्यास मी असमर्थ आहे.’ हे निर्दोष आहे, पण ज्या साहेबांशी रोज चहा पितो त्यांना असं लिहिलं की ‘हा आता कागद तयार करतोय’ अशी शंका येते. चौथं: ‘३१ मार्चपर्यंत हा कार्यभार मी स्वीकारू शकणार नाही.’ हे मला चालतं. त्यात मुदत आहे, कर्ता ‘मी’ आहे, आणि ‘शकणार नाही’मध्ये नाइलाज आहे, पण मोकळी फट नाही. तुमच्या बँकेत साहेबांशी किती औपचारिक वागतात त्यावरून तुम्ही यातलं वेगळं वाक्यही निवडू शकता. सरकारी शिस्तीच्या बँकेत तिसरं वाक्यच अपेक्षित असतं. साहेबांनी तुम्हाला लिहिलेले मागचे पाच-सहा मेल काढा. ते ‘आपण’ लिहितात की ‘तुम्ही’, ‘सदर’ लिहितात का, सहीच्या वर काय लिहितात, ते बघा. त्यांच्यापेक्षा अर्धी पायरी जास्त औपचारिक राहा. पूर्ण दोन पायऱ्या वर गेलात की तो रुसवा वाटतो.

हे वाक्य कुठे येतं याला शब्दांइतकंच महत्त्व आहे. शेवटाकडे ठेवलं तर वाचणारा वरचं सगळं संशयानं वाचतो. पहिल्याच ओळीत ठेवलं तर दार आपटल्यासारखं होतं. एक ओळ संदर्भाची, अर्धी ओळ कृतज्ञतेची, आणि लगेच नकार. कृतज्ञता अर्धीच ओळ का? कारण ‘अत्यंत ऋणी’ हा शब्द मोठ्या उपकारासाठी असतो आणि जादा कामाला उपकार म्हटलं की एक तर ते खोटं वाटतं, नाही तर ऋणी माणूस ऋण फेडायला तयार असावा असं वाटतं.

मग पर्याय. इथे बहुतेक जण दोन प्रकारे घसरतात. काही जण पर्यायच देत नाहीत, म्हणजे साहेबांची रिकामी शाखा रिकामीच राहते आणि नकार त्यांच्या अंगावर येतो. काही जण अपराधीपणातून इतकं देऊन बसतात की चार्ज घेतला असता तर बरं झालं असतं. ‘आठवड्यातून दोनदा जाऊन येईन’ असं कधीच लिहू नका. ते चार्ज घेणंच आहे, फक्त अधिकार आणि भत्ता नाही. तुमच्याच टेबलावर बसून होईल, मुदत असेल आणि सही दुसऱ्याची राहील, असं काम शोधा. कर्जप्रस्तावांची छाननी हे त्यातलं सोयीचं आहे. मार्चअखेर त्या शाखेत कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाचे प्रस्ताव तुंबणार, नवख्या प्रभारी अधिकाऱ्याला तेच जड जाणार. ते तुम्ही तपासून देऊ शकता. शिफारशीची सही मात्र त्यांचीच, हे मेलमध्येच लिहा. पुढे एखादं खातं थकलं तर ‘छाननी तुम्ही केली होती’ असा प्रश्न तपासणीत येऊ नये.

आणखी एक मोह टाळा. ‘अमुक शाखेच्या अमुक अधिकाऱ्यांकडे काम कमी आहे, त्यांना द्यावे’ हे लिहू नका. त्या माणसाला आधी विचारून त्यानं होकार दिला असेल तरच नाव घ्या, तेही फोनवर. न विचारता नाव दिलंत तर एक संबंध वाचवताना दुसरा गमावाल, आणि साहेबांना सल्ला दिल्यासारखं होईल ते वेगळंच.

हे सगळं धरून मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं:

> विषय: शेजारच्या शाखेचा अतिरिक्त कार्यभार – आपल्या सोमवारच्या विचारणेबाबत
>
> मा. साहेब,
> सप्रेम नमस्कार.
>
> ३१ जानेवारीनंतर शेजारच्या शाखेचा कार्यभार मार्चअखेरपर्यंत सांभाळाल का, असे आपण सोमवारी विचारले. आपण माझा विचार केलात, याबद्दल आभारी आहे. सर्व बाजूंनी पाहता ३१ मार्चपर्यंत हा कार्यभार मी स्वीकारू शकणार नाही.
>
> माझ्या शाखेत दुसऱ्या अधिकाऱ्याचे पद नोव्हेंबरपासून रिक्त असल्याने तिजोरीची व सोनेतारणाच्या कपाटाची एक चावी माझ्याकडे आणि दुसरी रोखपालांकडे आहे. मी दुसऱ्या शाखेत असताना माझी चावी ज्यांच्याकडे देता येईल असे अधिकारी येथे नाहीत. त्यामुळे रोज सकाळ-संध्याकाळ व सोनेतारणाच्या व्यवहारांसाठी दिवसभर मला येथेच थांबणे आवश्यक आहे.
>
> तेथील मार्चअखेरचे काम अडू नये, यासाठी नूतनीकरणाचे कॅश क्रेडिट प्रस्ताव माझ्याकडे पाठवल्यास मी ते येथूनच तपासून दोन दिवसांत त्रुटींसह परत पाठवीन. शिफारस व सही प्रभारी अधिकाऱ्यांची राहील. ही मदत ३१ मार्चपर्यंत करू शकेन.
>
> येथील रिक्त पद भरल्यानंतर आपण पुन्हा विचारणा केल्यास मी नव्याने विचार करीन.
>
> आपला,

या मेलमध्ये ‘क्षमस्व’ नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. क्षमा मागितली की चूक झाल्याचं कबूल होतं, आणि इथे चूक कुणाचीच झालेली नाही. काही साहेबांना ‘दिलगीर आहे’ ऐकल्याशिवाय बरं वाटत नाही. तुमचे तसे असतील तर नकाराच्या वाक्यात ‘दिलगिरीपूर्वक कळवतो की’ एवढं घाला. एकदाच. दोनदा दिलगिरी आली की वाचणाऱ्याला वाटतं, हा आतून डळमळीत आहे, अजून थोडं लावून धरू.

शेवटचं वाक्य मी रिक्त पदाशी जोडलंय, तारखेला बांधलेलं नाही. ‘एप्रिलनंतर अवश्य बघू’ लिहिलंत तर १ एप्रिलला पत्र येईल आणि तेव्हा तुमच्याकडे कारण नसेल. पद भरलं तर चावीची अडचण खरोखर सुटते, म्हणून तेव्हा विचार करायला तुम्ही तयार असणं रास्त आहे. तुम्हाला ती शाखा कधीच नको असेल तर हे वाक्य पूर्ण काढून टाका. त्याच्यावाचूनही मेल उद्धट होत नाही. ते ठेवण्याचा एक छुपा फायदाही आहे, म्हणजे तुमचं रिक्त पद भरण्याची मागणी त्यातून आपोआप पुन्हा एकदा नोंदली जाते. मात्र त्याच्यावर अजून एक वाक्य चढवून ‘हे पद भरावे यासाठी मी आधीही तीनदा कळवले होते’ असं लिहायचा मोह होईल. लिहू नका. एका चांगल्या अधिकाऱ्याचा नकार मी अशाच एका वाक्यामुळे बिघडलेला पाहिलाय. त्याचं कारण चोख होतं, पण खाली ‘यापूर्वीही मला न विचारता जादा काम देण्यात आले होते’ अशी ओळ होती. साहेबांनी वरचे तीन परिच्छेद सोडले आणि त्या ओळीचं उत्तर द्यायला बसले.

यातच दुसऱ्या वाचकाचा मुद्दा येतो. तुमचा मेल साहेबांपाशी थांबणार नाही. रिकाम्या शाखेबद्दल अध्यक्ष विचारणार, सेवक समितीत विषय निघणार, आणि साहेब तुमचा मेल तसाच पुढे पाठवणार. तो असा हवा की पुढे पाठवताना साहेबांना ओशाळं वाटू नये. संचालकांनी वाचलं तर त्यांना काय दिसेल? एक रिक्त पद, एक चावीची अडचण आणि मदत देऊ करणारा अधिकारी. साहेबांनी माणसं नीट वापरली नाहीत असं त्यांना कुठेही दिसता कामा नये.

नियमांचा उल्लेखही त्याच कारणानं बेतानं करा. ‘एकाच अधिकाऱ्याकडे दोन शाखांच्या चाव्या देणे नियमबाह्य आहे’ हे कदाचित बरोबरही असेल. पण ते लेखी आलं की साहेबांच्या दप्तरी एक इशारा नोंदला जातो. उद्या त्यांना नाइलाजानं तशीच व्यवस्था करावी लागली तर तुमचा मेल त्यांच्या विरुद्धचा पुरावा ठरतो, हे त्यांना वाचताक्षणी कळतं. वरच्या मसुद्यात मी फक्त वस्तुस्थिती लिहिली. निष्कर्ष साहेब स्वतः काढतील, त्यांनी बँकेत तुमच्यापेक्षा जास्त वर्षं घालवली आहेत. याला अपवाद आहे: तुम्हाला खरोखर गैर काही करायला सांगितलं जात असेल, उदाहरणार्थ प्रस्ताव तयार करणारे आणि मंजूर करणारे दोन्ही तुम्हीच, तर मग सूर सांभाळत बसू नका, नियम नमूद करून लेखीच द्या. तुमच्या प्रश्नात तसं काही दिसत नाही.

मेल पाठवायच्या आधी फोन करा. हे मी जवळजवळ प्रत्येकाला सांगते आणि जवळजवळ प्रत्येक जण टाळतो. नकार पहिल्यांदा लेखी वाचला की माणूस दुखावतो, आधी कानावर आला असेल तर मेल म्हणजे नुसती नोंद उरते. फोन दोन मिनिटांचा ठेवा: ‘साहेब, शाखेच्या चावीचा विचार केला, दुसरा अधिकारी नसताना मला बाहेर पडता येणार नाही. प्रस्ताव मात्र मी तपासून देईन. तसा मेल करतोय.’ ते मधेच म्हणतील, ‘अहो, करू काहीतरी व्यवस्था.’ त्यावर ‘दुसरा अधिकारी मिळाला तर माझी हरकत नाही’ असं म्हणायचं, तेही खरं असेल तरच. त्यांनी फोनवरच दुसरा अधिकारी देऊ केला तर तुमचा मेल बदलतो, आणि मग कदाचित चार्ज घ्यावाही लागेल. कारण खरं दिलं की ही जोखीम येतेच. ती पत्करायची नसेल तर चावीचं कारण देऊ नका. तुमचे साहेब फोनवर समोरच्याला बोलूच देत नसतील आणि तुम्ही त्यांच्यापुढे हमखास ‘बरं’ म्हणून मोकळे होत असाल, तर मात्र आधी मेल आणि संध्याकाळी फोन. स्वतःला ओळखून क्रम ठरवा.

मेल गेल्यावर काय होईल? बहुधा ‘नोंद घेतली’ एवढंच उत्तर येईल, किंवा काहीच येणार नाही. त्या शांततेला घाबरून दुसरा मेल पाठवू नका. ‘आपण नाराज नसाल अशी आशा आहे’ या मेलनं नाराजी नसली तरी तयार होते. दुसरी शक्यता, ते पुन्हा आग्रह करतील: ‘निदान फेब्रुवारीपुरतं बघा.’ तेव्हा तेच कारण, त्याच शब्दांत, आणखी थोडक्यात सांगा. नवं कारण जोडू नका. दुसऱ्या खेपेला नवं कारण आलं की पहिलं खोटं होतं असा अर्थ निघतो. मला वाटतं नकाराचा सूर खरा बिघडतो तो याच दुसऱ्या फेरीत, पहिल्या मेलमध्ये क्वचितच.

तिसरी शक्यता म्हणजे तरीही आदेश निघेल. तो त्यांचा अधिकार आहे. मग कुरकुर न करता चार्ज घ्या आणि कार्यभार स्वीकारल्याच्या अहवालात एक वाक्य लिहा: ‘माझ्या अनुपस्थितीत मूळ शाखेच्या चाव्या कोणाकडे द्याव्यात, याबाबत लेखी मार्गदर्शन व्हावे.’ चार दिवस आधीच्या तुमच्या मेलशी हे वाक्य तंतोतंत जुळेल. तुम्ही मोघम चार कारणं लिहिली असती तर इथे जोडायला काहीच हाती नसतं. त्याचं लेखी उत्तर येईपर्यंत मूळ शाखेची चावी तोंडी सांगण्यावरून कुणाच्याही हातात देऊ नका.

आता सीसी. एचआरला ठेवू नका. साहेबांनी तुम्हाला एकट्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, उत्तरही त्यांनाच एकट्याला जायला हवं. सीसीत तिसरं नाव दिसलं की वरचा सगळा मजकूर साक्षीदारासमोर बोलल्यासारखा वाचला जातो, सूर कितीही मऊ असला तरी. त्यांनी स्वतः ‘एचआरला मार्क करा’ म्हटलं असेल तर गोष्ट वेगळी. प्रत हवीच असेल तर तुमच्या पाठवलेल्या मेलमध्ये ती आहेच. आणि मेल सकाळी पाठवा, रोकड सुरू होण्याआधी. संचालक मंडळाची बैठक असेल तो दिवस टाळा, पण त्यासाठी दोन दिवसांची मुदत ओलांडू नका. उशिरा आलेला नकार वाचायच्या आधीच साहेब आदेशाचा मसुदा टाइप करायला सांगून मोकळे झालेले असतात.